फोटोतला केक किती जणांना पुरतो?

हल्ली आपल्या घरांतून केक आधी फोटोत येतो आणि मग ताटलीत. कुणाची तरी चुलत बहीण इन्स्टाग्रामवरचा एक तीन मजली केक पाठवते, खाली लिहिते, "असाच करू या ना!" आणि कुटुंबाच्या ग्रुपवर पंधरा अंगठे उभे राहतात. रंग आवडतो, फुलं आवडतात, वरचं सोनेरी '५०' आवडतं. पण तो केक किती जणांना पुरेल, हे त्या फोटोत कुठेच लिहिलेलं नसतं.

आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं झाली. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात आता एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून हॉल घेतला. नव्वद जणांना आमंत्रण. इंदूरच्या चुलत बहिणीने केकचा फोटो पाठवला आणि हिशेबाचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.एस्सी. गणित झालेली मी एकटीच. आजीने एकच अट घातली. "अगं, केक लहान असू दे, मोठा असू दे. पण जो शेवटी येईल त्यालाही पहिल्याएवढाच तुकडा मिळाला पाहिजे. आणि नव्वद कसले मोजतेस? वाढणारी मुलं, ड्रायव्हर, हॉलचा वॉचमन, त्यांना धर की." ते धरून आकडा १०२ झाला.

आजीच्या या अटीमागे कारण आहे. तिच्या स्वतःच्या लग्नात शेवटच्या पंगतीला जिलबी पुरली नव्हती. त्या पंगतीत तिच्या माहेरची माणसं होती. पन्नास वर्षांत तिने हे आम्हाला किती वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशेब मात्र मी ठेवलेला नाही.

केक करणाऱ्या बेनना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "पाच किलो होईल. शंभर जण आरामात." बाबांना वाटलं, झालं काम. माझ्या डोक्यात मात्र प्रश्न आला की शंभर जणांना म्हणजे प्रत्येकी केवढा? पाच किलोला शंभराने भागलं तर ५० ग्रॅम येतात. पन्नास ग्रॅम केक म्हणजे डोळ्यांना केवढा दिसतो, हे वजनावरून कळत नाही. क्रीमचा हलका केक आणि फॉण्डंटचा जड केक यांचे पन्नास ग्रॅम सारखे दिसतही नाहीत. म्हणून मी किलो बाजूला ठेवले आणि इंच हातात घेतले.

जगभरचे केकवाले गोल केकचे तुकडे मोजताना एक ठरलेलं माप वापरतात. लग्नातल्या तुकड्याचं माप असतं १ इंच रुंद, २ इंच लांब आणि ४ इंच उंच. उंची ४ इंच, कारण केकचा एक मजला साधारण तेवढा उंच धरतात. आत स्पंजचे दोन-तीन थर आणि मध्ये क्रीम असतं. हा तुकडा ताटलीत आडवा ठेवला की साधारण काड्यापेट्यांच्या छोट्या चळतीएवढा दिसतो. त्यापेक्षा ऐसपैस असतो पार्टीचा तुकडा: दीड इंच रुंद, २ इंच लांब, उंची तीच. केकनंतर जेवण असेल तर पहिलं माप पुरतं. केक, वेफर्स आणि कॉफी एवढाच बेत असेल तर दुसरं माप धरावं, नाहीतर माणसं ताटली हातात घेऊन पुन्हा टेबलाकडे येतात. आमच्याकडे केकनंतर बासुंदी-पुरीचं जेवण होतं, म्हणून मी पहिलं माप धरलं.

एकदा तुकड्याचं माप ठरलं की बाकीचा हिशेब शाळेतला आहे. वरून पाहिलं तर प्रत्येक तुकडा २ चौरस इंच जागा घेतो. गोल केकचं वरचं क्षेत्रफळ काढायचं आणि दोनाने भागायचं. त्यासाठीही एक सोपी वाट आहे: व्यासाचा वर्ग करा आणि ०.३९ ने गुणा. १० इंची मजला असेल तर १०० गुणिले ०.३९, म्हणजे ३९ तुकडे. ८ इंचीला ६४ गुणिले ०.३९, म्हणजे २५. ६ इंचीला ३६ गुणिले ०.३९, म्हणजे १४. पार्टीचा तुकडा हवा असेल तर ०.३९ च्या जागी ०.२६ घ्या.

पण यासाठी व्यास माहीत हवा, आणि आपल्याकडे आहे फक्त फोटो. खरी गंमत इथेच आहे.

मी फोटो लॅपटॉपवर उघडला आणि स्क्रीनला चक्क शाळेची पट्टी लावली. खालच्या मजल्याची रुंदी ७५ मिलिमीटर भरली, मधल्याची ६०, वरच्याची ४५. म्हणजे ५:४:३ हे प्रमाण. आता बाजारात केकचे गोल डबे ठरावीक मापांचे मिळतात, तेव्हा १०, ८ आणि ६ इंच हे अगदी नेमकं बसतं. पण १५, १२ आणि ९ इंचही तितकंच नेमकं बसतं! फोटोला प्रमाण कळतं, आकार कळत नाही. आणि या दोघांत फरक थोडाथोडका नाही. पहिल्या केकच्या व्यासांच्या वर्गांची बेरीज २००, दुसऱ्याची ४५०. म्हणजे एकाचे ७८ तुकडे आणि दुसऱ्याचे १७५. व्यास दीडपट झाला की तुकडे सव्वादोनपट होतात, कारण वाढ लांबीतही होते आणि रुंदीतही. म्हणून "फोटोत तर केवढा मोठा दिसतोय" या वाक्यावर कुणी ऑर्डर देऊ नये. कॅमेरा जवळ नेला की पेढासुद्धा मोठा दिसतो.

मग खरा आकार कसा ओळखायचा? फोटोत अशी एखादी वस्तू शोधायची जिचं माप आपल्याला घरबसल्या माहीत असतं. आमच्या फोटोत केकच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या वाटीतल्या त्या छोट्या मेणबत्त्या होत्या, दिवाळीत आपण पाकिटाने आणतो त्या. घरातली एक काढून मोजली: ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. या मेणबत्त्या सगळीकडे साधारण याच मापाच्या असतात. स्क्रीनवर ती ११ मिलिमीटर रुंद दिसत होती. आता खालचा मजला १० इंची असेल तर स्क्रीनवरचा एक इंच साडेसात मिलिमीटरचा होतो, आणि मेणबत्ती दीड इंचाच्या आसपास येते. तो १५ इंची असेल तर एक इंच ५ मिलिमीटरचा, आणि मेणबत्ती सव्वादोन इंचांची निघते. असली मेणबत्ती त्या वाटीत मावणार नाही. तेव्हा केक १०-८-६ चा.

मेणबत्ती निवडतानाही एक पथ्य पाळावं लागतं. केकच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ ठेवलेली वस्तू मोठी दिसते आणि मागची लहान. म्हणून केकच्या बरोबर बाजूला, त्याच्याच रेषेत असलेली मेणबत्ती मी घेतली. मेणबत्ती नसेल तर काटा, सुरी, कुणाचा हात, अगदी खुर्चीची पाठसुद्धा चालते. फक्त ती केकएवढ्याच अंतरावर हवी.

दुसरी खूण उंचीची. माझ्या फोटोत प्रत्येक मजला ३० मिलिमीटर उंच होता, म्हणजे इंचाला साडेसात मिलिमीटर या हिशेबाने बरोबर ४ इंच. जमलं. उंची मोजताना मात्र कॅमेरा वरून धरलेला नाही ना, हे बघावं. वरच्या मजल्याचा माथा फोटोत रेघेसारखा दिसत असेल तर फोटो समोरून घेतलेला आहे. माथा जितका फुगीर लंबगोल दिसेल तितका कॅमेरा वर, आणि तितकी मजल्यांची उंची दाबली गेलेली. आमच्या फोटोत लंबगोलाची जाडी त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढी होती. एवढ्याशा कलण्याने उंची दोनच टक्के कमी दिसते, ती सोडून दिली तरी चालते. रुंदीला कलण्याचा हा त्रास फारसा नसतो, म्हणून मुख्य हिशेब नेहमी आडव्या मापांवर करायचा.

उंची बघायचं आणखी एक कारण आहे. घरगुती केकवाले पुष्कळदा मजला ३ इंचांचाच करतात. समोरून त्याच व्यासाचा केक तसाच झोकदार दिसतो, पण तुकड्यात केक पाऊण होतो. मग माणसाला तेवढाच केक द्यायचा तर तुकडा रुंद करावा लागतो, आणि ७५ तुकड्यांच्या केकचे ५६ होतात. याउलट हल्ली उंचच उंच, सहा-सात इंची मजल्यांची फॅशन आहे. असा तुकडा सरळ दिला तर ताटलीत कोलमडतो. त्याचे आडवे दोन करतात आणि मग संख्या वाढते.

आता ७८ वरून मी ७५ कशी आले, ते सांगते. इथे आजीच्या वड्या मदतीला आल्या. आजी गोल ताटात खोबऱ्याच्या वड्या थापते आणि सुरीने उभ्या-तिरक्या रेघा मारते. मधल्या वड्या एकसारख्या निघतात, पण काठाला वेडेवाकडे तुकडे उरतात. ते आम्हा मुलांचे. क्षेत्रफळाला भागून जो आकडा येतो, त्यात हे काठाचे तुकडेही पूर्ण वड्या म्हणून मोजले जातात. ताट जितकं लहान, तितका काठाचा हिस्सा मोठा.

केकमध्ये हे नुकसान कमी करायला कडी कापतात. १० इंची मजला घ्या. बाहेरच्या कडेपासून २ इंच आत सुरीने एक गोल कापायचा. बाहेर जी कडी सुटते तिचे २५ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा कडेला सव्वा इंच आणि आतल्या बाजूला पाऊण इंच रुंद, पण क्षेत्रफळ सगळ्यांचं सारखं. आतल्या उरलेल्या गोलात पुन्हा २ इंचांची कडी कापायची, तिचे १२ तुकडे. मधे उरते २ इंच व्यासाची टिकली, तो एक तुकडा. एकूण ३८. ८ इंची मजल्याच्या बाहेरच्या कडीचे १८, आणि मधल्या ४ इंची गोलाचे त्रिकोणी ६, असे २४. ६ इंचीच्या कडीचे १२ आणि मधली टिकली, असे १३. तिन्हींची बेरीज ७५. केकचं सामान विकणाऱ्या विल्टन या अमेरिकन कंपनीचा तक्ता बरेच व्यावसायिक वापरतात. त्यात लग्नाच्या मापाने हेच आकडे १२, २४ आणि ३८ असे आहेत, म्हणजे ७४. माझा हिशेब वहीत आणि त्यांचा तक्ता छापील, पण अंतर एका तुकड्याचं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

वाढदिवसाला आपण कापतो तसे मधून काठापर्यंत त्रिकोण मोठ्या मजल्याला चालत नाहीत. १० इंची केकचे ३८ त्रिकोण करायचे तर प्रत्येक तुकडा पाच इंच लांब, काठाला पाऊण-एक इंच आणि आत टोकाला कागदासारखा. तो उभा राहत नाही आणि नीट निघतही नाही. मग कापणारा कंटाळून मोठे त्रिकोण करायला लागतो, पहिल्या तीस जणांना ताटलीभर केक मिळतो, आणि शेवटच्यांना सुरीला लागलेलं क्रीम. कुणी लबाडी केलेली नसते, पण शेवटची पंगत तशीच राहते.

एक प्रश्न माझ्या धाकट्या भावाने विचारला, आणि तो विचारण्यासारखाच होता. "ताई, वरचा मजला खालच्यावर बसलाय. मग त्याच्याखाली जो झाकला गेला तेवढा केक वजा नको करायला?" नको. झाकलेला असला तरी तिथे केकच आहे. प्रत्येक मजला आपापल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर वेगळा केलेला असतो. खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ किंवा काड्या खोचून त्यांच्या आधारावर वरची चकती ठेवतात, नाहीतर वरच्या वजनाने खालचा केक बसून जाईल. कापताना वरचा मजला चकतीसकट उचलून बाजूला ठेवायचा, स्ट्रॉ मोजून काढायच्या, आणि मग पूर्ण गोल कापायचा. फोटोत खालच्या मजल्याची फक्त इंचभर कड दिसते, पण मोजायचा तो अख्खा. वजा करायचे ते स्ट्रॉच्या भोकांनी विस्कटणारे एक-दोन तुकडे.

पण एक गोष्ट फोटो कधीच सांगत नाही: आत केक आहे की थर्माकोल. मोठ्या समारंभांच्या फोटोंतल्या केकचे काही मजले पुष्कळदा थर्माकोलचे असतात. वरून क्रीम किंवा फॉण्डंट लावलं की बाहेरून ओळखू येत नाही. यात फसवणूक नाही, पण हिशेब साफ बदलतो. आमच्या ७५ पैकी ३८ तुकडे एकट्या खालच्या मजल्यात होते. तोच थर्माकोलचा निघाला तर निम्मा केक गेला. म्हणून विचारायचं ते थेट विचारायचं.

मी बेनना फोन केला आणि चार गोष्टी विचारल्या. तिन्ही डबे किती इंची? प्रत्येक मजला किती उंच? कुठला मजला खोटा आहे का? आणि शंभर म्हणताना तुम्ही केवढा तुकडा धरला? शेवटच्या प्रश्नावर त्या हसल्या. म्हणाल्या, "दीदी, एवढं कोणी विचारत नाही. सगळे किलोच विचारतात." डबे १०, ८, ६ चे निघाले, मजले ४ इंची आणि तिन्ही खरे. तुकडा त्यांनी ५० ग्रॅमचा धरला होता. पाच किलोला माझ्या ७५ ने भागलं तर एक तुकडा येतो सुमारे ६७ ग्रॅमचा. दोघींचीही गणितं बरोबर होती, फरक तुकड्यात होता. पन्नास ग्रॅमचा तुकडा म्हणजे १ इंच बाय दीड इंच. चाखण्यापुरता ठीक, पण सत्तर वर्षांच्या पाहुण्याला काट्याने उचलताना तुटणारा. एकच केक पार्टीच्या मापाने ५० जणांचा, लग्नाच्या मापाने ७५ जणांचा आणि बेनच्या मापाने १०० जणांचा. "किती जणांचा केक?" या प्रश्नाला तुकड्याचं माप सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आम्हाला हवे होते १०२, आणि तुटफूट धरून थोडे वर. सगळ्यांनी आपापले तोडगे काढले. काकू म्हणाली, चौथा मजला चढवा. १२ इंचांचा चौथा मजला म्हणजे आणखी ५५ तुकडे. गरजेपेक्षा जास्त, आणि सगळा सजवलेला, म्हणजे महाग. शिवाय जिन्यावरून तो कोण चढवणार? बाबा म्हणाले, मधुमेहवाले वजा कर. आमच्याकडे मधुमेहवाले "मला नको" म्हणतात आणि मग नातवाच्या ताटलीतून खातात, तेव्हा ते वजा करता येत नाहीत.

शेवटी जे केलं ते मोठ्या हॉटेलांत नेहमी करतात. दिसायला तीन मजली केक बाहेर, आणि त्याच चवीचा, त्याच उंचीचा एक साधा आयताकृती केक आत स्वयंपाकघरात. त्यावर फुलं नाहीत, सोनेरी वर्ख नाही, नुसतं पांढरं क्रीम. ८ बाय १० इंचांचा केक म्हणजे ८० चौरस इंच, म्हणजे बरोबर ४० तुकडे. आयताला काठाचं नुकसान नसतं. आठ इंची बाजूवर दोन-दोन इंचांवर रेघा मारायच्या आणि दहा इंची बाजूवर एक-एक इंचावर. चार गुणिले दहा. ७५ आणि ४० मिळून ११५. त्यातून सात-आठ तुटफुटीचे सोडले तरी १०७ उरतात. सजावट नसल्यामुळे हा केक किलोमागे बराच स्वस्तही पडला. बेनना फक्त एवढं बजावलं की थर आणि उंची दोन्हीकडे तंतोतंत तीच ठेवा, म्हणजे कुणाच्या ताटलीत कुठला केक गेला हे ओळखू येणार नाही.

कापायला कॅटररचा एक मुलगा होता. त्याच्या हातात मी जुन्या पुठ्ठ्याची दोन इंच रुंद पट्टी दिली. सुरी कुठे चालवायची हे अंदाजाने ठरवलं की पहिले दहा तुकडे बरोबर येतात आणि मग हात सैल होतो. पट्टी असली की शेवटपर्यंत माप टिकतं. शेजारी गरम पाण्याचं उंच पातेलं आणि स्वच्छ फडकं. प्रत्येक कापाला सुरी पाण्यात बुडवून पुसायची, नाहीतर सुरीला लागलेलं क्रीम पुढच्या तुकड्याचा कडा ओढून नेतं. आजी-आजोबांनी वरच्या मजल्याला सुरी लावली, फोटो झाले, आणि केक आत गेला. आतला आयताकृती केक तोवर कापून तयारच होता, म्हणून बाहेर कुणाला थांबावं लागलं नाही.

खालच्या मजल्यात सहा स्ट्रॉ होत्या. त्या काढल्यावर दोन तुकडे विस्कटले, एक टिकली मधोमध फाटली. मोजणी झाली ती अशी: १० इंचीचे ३५, ८ इंचीचे २३, वरच्याचे १२, आतल्या केकचे ४०. एकूण ११०. विस्कटलेले तुकडे एका वाटीत जमले आणि स्वयंपाकघरातच संपले. कुणी संपवले ते विचारू नका.

आजी खुर्ची घेऊन दाराशी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ताटलीकडे बघत होती. साडेआठला तिने वॉचमनला हाक मारली, त्याच्या हातात ताटली दिली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आत किती उरलेत?"

"पाच."

"मग त्या सजावटवाल्या दोन मुली अजून मागे आवरतायत. त्यांना दे आधी."

तीन तुकडे डब्यात घालून घरी आले.